कमीत कमी नाण्यांत रक्कम: ग्रीडी कुठे फसतं आणि तक्ता का भरावा लागतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या पानावर एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: नाणी १, ५ आणि ८. प्रत्येक नाणं हवं तितक्या वेळा वापरता येतं. दिलेली रक्कम तंतोतंत भरायची आणि त्यासाठी कमीत कमी नाणी वापरायची, एवढाच प्रश्न. हा संच मुद्दाम निवडला आहे. तो इतका लहान आहे की प्रत्येक आकडा हाताने तपासता येतो, आणि तरीही या प्रश्नातल्या जवळजवळ सगळ्या खाचाखोचा त्यात सापडतात.

### ग्रीडी पद्धत म्हणजे नेमकं काय, आणि ती कुठे चुकते?

उरलेल्या रकमेत बसणारं सगळ्यात मोठं नाणं उचलायचं, रकमेतून वजा करायचं, आणि उरलेल्या रकमेसाठी पुन्हा तेच करायचं. एकदा उचललेलं नाणं परत ठेवायचं नाही.

१० ही रक्कम घ्या. ग्रीडी आधी ८ उचलतं. उरले २. आता ५ बसत नाही, म्हणून १ आणि १. एकूण तीन नाणी. पण ५ आणि ५ ही दोनच नाणी पुरली असती.

चूक कुठे झाली ते बघा. ८ उचलल्यावर रक्कम झपाट्याने कमी झाली हे खरं, पण मागे २ उरले, आणि २ हा या संचासाठी वाईट आकडा आहे. तो भरायला दोन सुटी १ ची नाणीच लागतात. ग्रीडी फक्त किती कमी झालं ते बघतं, काय उरलं ते बघत नाही. ५ उचललं असतं तर कमी झालं असतं थोडंच, पण मागे ५ उरले असते आणि ते एका नाण्यात संपतात. या प्रश्नात उरलेल्या रकमेची किंमत उचललेल्या नाण्याइतकीच महत्त्वाची असते, आणि ती किंमत ठरवण्यासाठीच तक्ता लागतो.

### माझा ग्रीडी प्रोग्रॅम बऱ्याच रकमांना बरोबर उत्तर देतो. मग अडचण काय?

अडचण हीच आहे. ८ ला एक नाणं, ९ ला दोन, १३ ला ८ आणि ५ अशी दोन, १४ ला तीन. ही सगळी उत्तरं बरोबर आहेत. तुमच्या चाचण्यांत नेमक्या याच रकमा असतील तर चूक कधीच दिसणार नाही. १५ पर्यंत ग्रीडी फक्त १०, ११, १२ आणि १५ या चार रकमांना चुकतं.

आणखी एक गोष्ट म्हणजे हा प्रोग्रॅम कुठेही कोसळत नाही. तो जी नाणी देतो त्यांची बेरीज बरोबरच येते, फक्त चुकलेल्या रकमांत नाण्यांची संख्या एखाद-दोनाने जास्त असते. त्यामुळे 'बेरीज जुळते का' एवढंच तपासणारी चाचणी इथे काही कामाची नाही. उत्तराची तुलना दुसऱ्या, खात्रीच्या पद्धतीशीच करावी लागते.

### कोणत्या संचांना ग्रीडी चालतं?

एक सोपी अट अशी: लहानापासून मोठ्यापर्यंत नाणी मांडली आणि प्रत्येक नाण्याने पुढच्या नाण्याला निःशेष भाग जात असेल, तर ग्रीडी नेहमी बरोबर येतं. उदाहरणार्थ १, ५, १०, ५०. इथे ५ ची दोन नाणी जमली की त्यांच्या जागी १० चं एक ठेवता येतं, त्यामुळे चांगल्या उत्तरात लहान नाणी साचूच शकत नाहीत.

पण ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. १, २, ५ या संचात २ ने ५ ला भाग जात नाही, तरीही ग्रीडी तिथे कधीच चुकत नाही. म्हणून 'भाग जात नाही, म्हणजे ग्रीडी चुकणारच' असं म्हणणं चुकीचं ठरेल.

तपासायचा पक्का मार्ग आहे. डेक्स्टर कोझेन आणि श्मुएल झॅक्स यांनी १९९४ साली दाखवलं की संचात १ चं नाणं असेल आणि किमान तीन नाणी असतील, तर ग्रीडी ज्या सर्वांत लहान रकमेला चुकतं ती रक्कम एका ठरावीक पट्ट्यातच असते. ती लहानाकडून तिसऱ्या नाण्यात १ मिळवून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठी असते आणि सर्वांत मोठ्या दोन नाण्यांच्या बेरजेपेक्षा लहान असते. त्या पट्ट्यात ग्रीडी चुकलं नाही, तर ते कुठेच चुकत नाही.

आपल्या संचाला हे लावू. तिसरं नाणं ८, म्हणून खालची हद्द ९. मोठी दोन नाणी ५ आणि ८, म्हणून वरची हद्द १३. म्हणजे तपासायच्या रकमा फक्त १०, ११ आणि १२, आणि पहिल्याच रकमेला ग्रीडी पडतं. १, २, ५ या संचात खालची हद्द ६ आणि वरची ७. दोन्हींच्या मध्ये एकही पूर्णांक नाही, म्हणजे तपासण्यासारखं काही उरतच नाही. मला या निकालातली ही जागा फार आवडते: एकही नाणं न मोजता संच निर्दोष ठरतो.

### नाण्यांचा एक प्रकार वाढवला तर ग्रीडी सुधारेल ना?

सुधारेलच असं नाही. उलट बिघडूही शकतं.

१० ला अडचण येते, म्हणून संचात १० चंच नाणं घालू: १, ५, ८, १०. आता १० एका नाण्यात होतात, ११ दोन नाण्यांत आणि १२ तीन नाण्यांत, आणि या तिन्ही ठिकाणी ग्रीडी बरोबर आहे. पण १३ बघा. आधीच्या संचात ग्रीडी ८ आणि ५ उचलून दोन नाण्यांत मोकळं होत होतं. आता ते आधी १० उचलतं, मागे ३ उरतात, आणि त्यासाठी १ ची तीन नाणी लागतात. दोनाची चार झाली.

खरं किमान उत्तर नवं नाणं घातल्याने कधीच वाढत नाही, कारण ते नाणं वापरायची सक्ती नसते. ग्रीडीला मात्र ती सक्ती असते: बसतंय म्हणजे उचलायचं. म्हणून संचात कुठलाही बदल केला की आधी केलेली तपासणी रद्द समजायची आणि नव्याने करायची.

### ग्रीडी थोडं हुशार केलं तर? प्रत्येक नाण्यापासून सुरुवात करून बघायची आणि सर्वांत चांगलं उत्तर घ्यायचं.

ही कल्पना फार जणांना सुचते, आणि १० ला ती चालतेही. ८ पासून सुरू केलं तर तीन नाणी, ८ वगळून ५ पासून सुरू केलं तर दोन. दोन घेतलं, उत्तर बरोबर.

आता १८ घ्या. ८ पासून सुरुवात केली तर ८, ८, १, १ अशी चार नाणी. ८ वगळून ५ पासून केली तर ५, ५, ५ आणि वर १ ची तीन, म्हणजे सहा. फक्त १ वापरले तर अठरा. यातलं सर्वांत चांगलं चार. पण ८, ५, ५ या तीन नाण्यांत १८ होतात.

बरोबर उत्तरात ८ एकदाच घ्यायचं आहे, दुसऱ्यांदा बसत असतानाही सोडायचं आहे. ८ पूर्ण घ्या किंवा पूर्ण सोडा, या दोनच वाटा उघड्या ठेवल्या तर मधली वाट दिसणारच नाही. ठिगळं लावत गेलात तर प्रत्येक ठिगळाला असा एखादा आकडा भेटतो. प्रत्येक पायरीवर प्रत्येक नाण्याचा विचार करायचा, हाच उपाय उरतो.

### मग तक्त्यामागची मूळ कल्पना काय?

कोणत्याही रकमेचं सर्वांत चांगलं उत्तर समोर आहे असं समजा. त्यातलं एक नाणं बाजूला काढा, कुठलंही. उरलेली नाणी उरलेल्या रकमेसाठी सर्वांत चांगलीच असली पाहिजेत. नसतील, तर त्यांच्या जागी आणखी कमी नाणी ठेवून आपण मूळ उत्तरही सुधारलं असतं. पण ते तर आधीच सर्वांत चांगलं होतं.

म्हणजे १५ साठी शेवटचं नाणं १ असेल तर मागे १४ चं किमान उत्तर असणार, ५ असेल तर १० चं, आणि ८ असेल तर ७ चं. शेवटचं नाणं कोणतं हे आपल्याला माहीत नाही, पण पर्याय तीनच आहेत. तिन्ही बघायचे, सर्वांत लहान आकडा घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा:

```
best[a] = 1 + min(best[a-1], best[a-5], best[a-8])
best[0] = 0
```

रकमेपेक्षा मोठं नाणं त्या ओळीतून गळतं. ० रकमेला ० नाणी लागतात, हा पाया.

### हेच सूत्र रिकर्शनने लिहिलं तर का चालत नाही?

उत्तर बरोबरच येतं, पण वेळ हाताबाहेर जातो. १५ मधून ८ गेले की ७ ची विचारणा होते. १५ मधून ५, मग १, १, १ गेले तरी पुन्हा ७ चीच विचारणा होते. १, १, १ आधी आणि ५ नंतर, तरी ७ च. साधं रिकर्शन दर वेळी ७ चं उत्तर नव्याने शोधतं आणि त्याखालचं सगळं झाडही नव्याने चढतं. रक्कम एकेकाने वाढेल तसं काम साधारण १.३८ पटीने वाढत जातं. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण रक्कम १०० झाली की प्रोग्रॅम संपण्याची वाट बघण्यात अर्थ राहत नाही.

१०० पर्यंत वेगवेगळ्या रकमा असतात मात्र फक्त १०१. प्रत्येकीचं उत्तर एकदाच काढून लिहून ठेवलं की झालं.

### तक्ता प्रत्यक्ष भरून दाखवाल का?

हो, १५ पर्यंत भरू. वरची ओळ रक्कम, मधली किमान नाणी, आणि खालची ओळ त्या रकमेत पोचताना शेवटी कोणतं नाणं घातलं ते.

```
amount  0  1  2  3  4  5  6  7  8  9 10 11 12 13 14 15
best    0  1  2  3  4  1  2  3  1  2  2  3  4  2  3  3
last    -  1  1  1  1  5  1  1  8  1  5  1  1  5  1  5
```

१ ते ४ मध्ये निवड करण्यासारखं काही नाही, फक्त १ चं नाणं बसतं. ५ ला पहिल्यांदा दोन पर्याय येतात: ४ च्या पुढे १ ठेवलं तर पाच नाणी, ० च्या पुढे ५ ठेवलं तर एक. एक जिंकतं.

१० च्या घरात जरा थांबा, कारण ग्रीडी इथेच पडलं होतं. १ शेवटचं असेल तर मागे ९, त्याची दोन नाणी, म्हणून एकूण तीन. ५ शेवटचं असेल तर मागे ५, त्याचं एक नाणं, म्हणून एकूण दोन. ८ शेवटचं असेल तर मागे २, त्याची दोन नाणी, म्हणून एकूण तीन. ८ चा पर्याय तक्त्याने नाकारला, पण बघून नाकारला. '२ भरायला दोन नाणी लागतात' ही माहिती तोवर तिसऱ्या घरात लिहिलेली होती, आणि ग्रीडीकडे नेमकी तीच नव्हती.

१२ चं घर चुकीचं वाटू शकतं. १३ ला दोन नाणी आणि त्याच्या आधीच्या १२ ला चार, असं कसं? तपासून बघा: ११ च्या पुढे १ ठेवलं तर चार, ७ च्या पुढे ५ ठेवलं तर चार, ४ च्या पुढे ८ ठेवलं तर पाच. चारच बरोबर. रक्कम वाढली की नाणी वाढतात असा काही नियम नाही. हा आकडा खालीवर होत राहतो. म्हणून शेजारच्या घरावरून अंदाज बांधायला जाऊ नये.

शेवटी १५: १४ वरून चार, १० वरून तीन, ७ वरून चार. उत्तर तीन.

### किती नाणी ते कळलं. पण कोणती नाणी, ते कसं काढायचं?

त्यासाठीच खालची ओळ ठेवली आहे. १५ च्या घरात ५ लिहिलंय, म्हणून ५ घेऊन १० वर जा. तिथेही ५, म्हणून ५ वर या. तिथे ५, म्हणून ० वर पोचलात. नाणी ५, ५, ५.

पूर्ण प्रोग्रॅम एवढाच:

```python
def min_coins(coins, amount):
    INF = amount + 1
    best = [0] + [INF] * amount
    last = [0] * (amount + 1)
    for a in range(1, amount + 1):
        for c in coins:
            if c <= a and best[a - c] + 1 < best[a]:
                best[a] = best[a - c] + 1
                last[a] = c
    if best[amount] == INF:
        return None
    used = []
    while amount > 0:
        used.append(last[amount])
        amount -= last[amount]
    return used
```

`min_coins([1, 5, 8], 15)` हे `[5, 5, 5]` देतं.

तुलनेत `<` आहे, `<=` नाही, हे लक्षात घ्या. बरोबरी झाली तर आधी सापडलेलं नाणं टिकतं. `<=` लिहिलं तर नाण्यांची संख्या तीच राहील, पण वेगळी नाणी मिळू शकतात. ११ ला ५, ५, १ हा एकच संच आहे, पण तो शेवटी १ ठेवून गाठायचा की ५ ठेवून, यात फरक पडतो. दुसरी नाणी घेतली तर काही रकमांना मुळातच दोन वेगळे संच समान संख्येचे असतात. म्हणून दोन बरोबर प्रोग्रॅमांची तुलना करताना नाण्यांची यादी जुळवू नका, संख्या जुळवा आणि बेरीज तपासा.

### `INF` साठी `amount + 1` का? सरळ भाषेतला सर्वांत मोठा आकडा का नाही?

सर्वांत लहान नाणं १ असलं तरी `amount` रकमेला जास्तीत जास्त `amount` नाणी लागतात. म्हणजे `amount + 1` हे उत्तर कधीच असू शकत नाही, आणि 'अजून जमलेलं नाही' ही खूण म्हणून ते सुरक्षित आहे.

जावामध्ये इथे `Integer.MAX_VALUE` वापरायची सवय अनेकांना असते. मग `best[a - c] + 1` करताना २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवला जातो आणि आकडा उलटून −२१४७४८३६४८ होतो. तो सगळ्यांपेक्षा लहान, म्हणून किमान म्हणून तोच निवडला जातो आणि पुढच्या घरांत पसरत जातो. उत्तरात असा प्रचंड ऋण आकडा दिसला तर दुसरीकडे शोधू नका, चूक इथेच आहे. संचात १ चं नाणं असेल तर ही चूक दिसतही नाही, कारण तेव्हा मागचं प्रत्येक घर आधीच भरलेलं असतं. १ नसलेल्या संचाची एक तरी चाचणी ठेवा.

### संचात १ चं नाणं नसेल तर?

मग काही रकमा भरताच येत नाहीत. नाणी ३ आणि ५ असतील तर १, २, ४ आणि ७ अशक्य आहेत. त्यापुढची प्रत्येक रक्कम जमते. वरचा प्रोग्रॅम अशक्य रकमेला `None` देतो.

ग्रीडीची गत इथे आणखी वाईट होते. ९ ला ते ५ उचलतं, मग ३, मग १ उरतो आणि पुढे काहीच बसत नाही. ते सांगतं 'जमत नाही', आणि ३, ३, ३ समोर असतात. म्हणजे इथे उत्तर महाग पडतं एवढंच नाही, ते मिळतच नाही.

### आतला लूप नाण्यांचा ठेवायचा की रकमेचा?

किमान संख्या काढताना दोन्ही चालतात. पण 'रक्कम किती प्रकारे भरता येते' हा शेजारचा प्रश्न सोडवताना क्रम महत्त्वाचा ठरतो: तिथे बाहेरचा लूप रकमेचा ठेवला तर ५ नंतर १ आणि १ नंतर ५ हे दोन वेगळे प्रकार मोजले जातात. दोन प्रश्नांचे प्रोग्रॅम दिसायला सारखे असतात, म्हणून एकाचा लूप उचलून दुसऱ्यात टाकताना ही गोष्ट आठवावी.

### मेमोआयझेशन आणि खालून भरलेला तक्ता, यात निवड कशी करायची?

दोन्हींचं सूत्र एकच. मेमोआयझेशन म्हणजे काढलेली उत्तरं लिहून ठेवणारं रिकर्शन. ते वरून सुरू होतं आणि गरज पडेल त्याच रकमा सोडवतं. नाणी मोठी आणि विरळ असतील तर त्याचा फायदा होतो, कारण बरीच घरं लागतच नाहीत. पण संचात १ असेल तर जवळजवळ प्रत्येक घर लागतंच.

आणि एक अडचण व्यवहारातली आहे. १ पासून सुरू होणाऱ्या संचात रिकर्शन रकमेइतकं खोल जाऊ शकतं. पायथनची ठरलेली मर्यादा १००० आहे, त्यामुळे ५००० रकमेला `RecursionError` येण्याची दाट शक्यता असते. खालून भरलेल्या तक्त्याला खोलीच नसते. या प्रश्नापुरतं मी तक्त्याच्याच बाजूने आहे.

### सुट्या पैशांसारख्या अपूर्णांकी रकमांना काय करायचं?

सगळं सर्वांत लहान एककात आणून पूर्णांक करायचं आणि मगच तक्ता भरायचा. घरांचे क्रमांक पूर्णांकच असतात, आणि फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तंतोतंत ०.३ येत नाही, त्यामुळे शून्यावर पोचलो की नाही हेच कळेनासं होतं.

### रक्कम अब्जांत असेल तर तक्ता परवडेल का?

थेट भरला तर नाही. कामाचं माप म्हणजे रक्कम गुणिले नाण्यांचे प्रकार. अब्ज घरांना प्रत्येकी चार बाइट धरले तरी एकट्या `best` लाच चार अब्ज बाइट लागतात. रकमेत एक अंक वाढला की काम दहापट होतं. नाण्यांच्या किमतीही कितीही मोठ्या असू शकत असतील तर हा प्रश्न एन-पी हार्ड आहे, हे १९७५ सालीच जॉर्ज ल्यूकर यांनी दाखवलं.

पण नाणी लहान आणि फक्त रक्कम मोठी असेल तर एक सुंदर वाट आहे. चांगल्या उत्तरात ८ सोडून इतर नाणी किती असू शकतील, हा प्रश्न विचारा. समजा अशी आठ नाणी आहेत. ती ओळीने मांडा आणि सुरुवातीच्या ० पासून प्रत्येक टप्प्यावरची बेरीज लिहा. एकूण नऊ बेरजा झाल्या. ८ ने भागल्यावर येणाऱ्या बाक्या मात्र आठच प्रकारच्या असतात, म्हणून निदान दोन बेरजांची बाकी सारखी येणार. त्या दोन टप्प्यांच्या मधल्या नाण्यांची बेरीज ८ च्या पटीत आहे. त्यातलं प्रत्येक नाणं ८ पेक्षा लहान, म्हणून त्यांच्या जागी ८ ची नाणी ठेवली तर संख्या नक्की कमी होते. म्हणजे मूळ उत्तर सर्वांत चांगलं नव्हतंच.

म्हणून सर्वांत चांगल्या उत्तरात ८ सोडून इतर नाणी जास्तीत जास्त सात, आणि त्यांची बेरीज जास्तीत जास्त ७ × ५ = ३५. त्यापलीकडचं सगळं ८ नेच भरलेलं असणार. तक्ता ३५ पर्यंत भरला की बास.

१००२ घेऊ. ८ ने भागल्यावर बाकी २ येते. ३५ पर्यंतची, तीच बाकी देणारी सर्वांत मोठी रक्कम ३४. १००२ मधून ३४ गेले की ९६८ उरतात, म्हणजे ८ ची १२१ नाणी. तक्त्यात ३४ ला पाच नाणी आहेत: ८, ८, ८, ५, ५. एकूण १२६. नुसत्या ग्रीडीने ८ ची १२५ आणि १ ची दोन, म्हणजे १२७ आली असती.

इथे ८ बेधडक उचलणं चालतं, कारण ते किती वेळा उचलणं सुरक्षित आहे हे आधी सिद्ध केलं आहे. शेवटच्या ३४ साठी मात्र तक्त्यालाच विचारावं लागतं. कोणत्याही संचाला हेच लागू: सर्वांत मोठ्या नाण्यातून १ वजा करा, त्याला दुसऱ्या क्रमांकाच्या नाण्याने गुणा, तेवढा तक्ता पुरतो.

### प्रत्येक नाणं एकदाच वापरायचं असेल तर?

सूत्र बदलतं. वरच्या प्रोग्रॅममध्ये `best[5]` ने ५ चं नाणं वापरलं आणि मग `best[10]` ने `best[5]` वरून तेच नाणं पुन्हा वापरलं. नाणी हवी तितकी असताना आपल्याला हेच हवं होतं. एकदाच वापरायचं असेल तर बाहेरचा लूप नाण्यांचा घ्या आणि आतला रकमेवरून खाली येणारा:

```python
for c in coins:
    for a in range(amount, c - 1, -1):
        best[a] = min(best[a], best[a - c] + 1)
```

वरून खाली येताना `best[10]` ची पाळी `best[5]` च्या आधी लागते. त्या क्षणी `best[5]` मध्ये हे नाणं अजून शिरलेलं नसतं, म्हणून ते दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. ५ ची दोन नाणी खरोखर हाताशी असतील तर `coins` मध्ये ५ दोनदा लिहा. इथे बाहेरचा लूप रकमेचा ठेवून चालत नाही.

यात `last` ची एक ओळ मात्र पुरत नाही, कारण नंतरच्या नाण्याने एखादं घर बदललं की आधीची वाट पुसली जाते. नाणी कोणती हेही हवं असेल तर प्रत्येक नाण्यासाठी वेगळी ओळ ठेवा, आणि शेवटच्या नाण्याच्या ओळीपासून मागे येताना 'या ओळीत घर बदललं होतं का' एवढंच विचारत जा: बदललं असेल तर ते नाणं घेऊन रक्कम कमी करा, नसेल तर रक्कम तशीच ठेवा, आणि दोन्ही वेळा आधीच्या नाण्याच्या ओळीत जा.